घड्याळ तासभर मागे गेलं आणि फोन कमी झाले

ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण चार वर्षांपूर्वी हॅम्बर्गला गेली. परवा रात्री तिचा भलामोठा मेसेज आला. दिवाळी झाल्यापासून घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं, भरिताच्या पार्ट्यांचे फोटो आले की मोबाईल पालथा घालते. सहाला कामावरून आल्यावर आईला फोन करायची, तेही कमी झालंय, घरच्यांना माझी सवय राहिली नाही, असं बरंच काही. शेवटी लिहिलंय, ‘तुझं बरंय, तू तिथेच आहेस.’ ते मला लागलं. माझे आईवडील आणि भाऊ-वहिनी मेलबर्नला असतात. माहेरचं घर इथेच अमळनेरात आहे, पण भाड्याने दिलंय. शाळेत जाताना त्यावरूनच जाते, तर गच्चीवर दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. आखाजीला मला माहेर नाही. तिला काय लिहू? ‘मलाही तसंच होतं’ म्हटलं तर तिचं दुःख बाजूला पडेल, आणि नाही म्हटलं तर मी खोटी पडेन. तीन दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही.
– एक शिक्षिका, अमळनेर

---

आधी आजच्या आज दोन ओळी टाका: ‘वाचलं. घाईत लिहायचं नाही म्हणून थांबलेय, रविवारी नीट लिहिते.’ एवढ्या रात्री मनातलं ओतून टाकलेलं माणूस नंतर दर तासाला मोबाईल बघतं, आणि उत्तर आलं नाही की आपण फार बोललो असं वाटून आवरून घेतं. पुढच्या वेळी ती ‘मजेत’ एवढंच लिहील. ते व्हायला नको.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीपाशी मला थोडं थांबायचंय. ती सहाला घरी येते आणि आईला फोन करते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते तिच्या दुःखातला निदान एक तुकडा तिथे आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे.

जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. उन्हाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्या रविवारनंतर ते साडेचार होतं. म्हणजे सप्टेंबरात ती सहाला घरात शिरून फोन लावायची तेव्हा अमळनेरला साडेनऊ वाजलेले असायचे. जेवणं झालेली, ओटा पुसून झालेला, काकू निवांत. आता तीच सहाला फोन लावते तेव्हा इथे साडेदहा. आपल्याकडे त्या वयाची बाई साडेदहाला जागी असते का? एक तर फोन वाजून वाजून बंद होतो, नाही तर ‘झोपले होते गं, बोल’ असा जड आवाज येतो. असं तीन-चारदा झालं की लेक म्हणते, कशाला उगाच आईची झोपमोड. इकडे आई म्हणते, कामात असेल पोर, तिला वेळ मिळाला की करेल. दोघी एकमेकींना जपतात आणि बोलणं बंद पडतं.

गंमत अशी की हा तास कुणाच्याच ध्यानात येत नाही. आपल्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे इथल्यांना पत्ता नसतो. तिथे मोबाईलचं घड्याळ रात्रीतून आपोआप बदलतं. उरते ती फक्त मनातली गोष्ट: आईला माझी सवय राहिली नाही.

हे खरंच असं झालंय का, ते तपासता येतं. तिला म्हणा, मोबाईलमध्ये आईच्या नावावर जा आणि ऑगस्टपासूनचे कॉल बघ, तारीख आणि वेळ दोन्ही. फोन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून विरळ झाले असतील आणि न उचललेले कॉल त्यानंतरचेच जास्त असतील, तर दोष घड्याळाचा. पण जुलै-ऑगस्टपासूनच कमी झालेले दिसले तर माझं हे म्हणणं तिथेच सोडून द्या. मग मायलेकींत काहीतरी बिनसलेलं असू शकतं, किंवा घरात कुणाचं दुखणं तिच्यापासून लपवलं जात असेल. ते तिला विचारा, पण आडून विचारू नका.

घड्याळाचंच असेल तर उपाय वेळ बदलण्याचा. तिने कामावर निघण्याआधी सकाळी सातला फोन केला तर इथे साडेअकरा होतात. सकाळचा स्वयंपाक आटोपलेला असतो, जेवायला अजून अवकाश असतो. किंवा तिच्या जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला, तेव्हा इथे पाच, म्हणजे चहाची वेळ. ‘जमेल तेव्हा करते’ असं ठेवू नका, ठरलेले वार हवेत. मंगळवार आणि शुक्रवार, दहा मिनिटं, बस. रविवारचा दीड तासाचा व्हिडिओ कॉल त्याची जागा घेत नाही, कारण त्यात सगळ्यांना आळीपाळीने मोबाईलसमोर बसवतात आणि ‘जेवलीस का, थंडी आहे का’ यापलीकडे कुणी जात नाही. दहा मिनिटांच्या फोनमध्ये आई भाजी निवडता निवडता बोलते, आणि लेकीला तेच हवं असतं.

काकूंकडे जाऊन एक काम मात्र तुम्हीच करू शकता. सकाळच्या वेळी त्यांचा मोबाईल कुठे असतो ते बघा. बहुतेक आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला, आवाज बंद केलेला, आणि काकू मागच्या दारी. तो मंगळवारी-शुक्रवारी स्वयंपाकघरात फ्रिजवर यायला हवा. जाल तेव्हा एवढंच सांगा की तिकडच्या वेळा हिवाळ्यात बदलतात म्हणून ती आता सकाळी फोन करणार आहे. मेसेजमधलं बाकी एक अक्षर तिथे काढू नका. तिने ते तुम्हाला लिहिलं, आईला नाही, याला कारण आहे. आई ऐकेल तर रात्रभर जागेल आणि सकाळी म्हणेल, ‘नको ती नोकरी, निघून ये.’ मग तिला स्वतःचं दुःख गिळून आईची समजूत घालत बसावं लागेल. आपल्याकडे काळजीपोटी अशा गोष्टी फार लवकर गल्लीभर होतात.

आता तुमच्या दुःखाचं. ‘मलाही तसंच होतं’ हे वाक्य लिहू नका, पण लपवूही नका. त्या वाक्याचा त्रास असा की त्यात तुम्ही कुठेच दिसत नाही. ते कुणीही कुणालाही म्हणतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपलं बोलणं आटोपतं घ्यायला सांगितलं. तुम्ही मला मात्र ते वाक्य लिहिलं नाहीत. मला तुम्ही गच्चीवरच्या कपड्यांचं लिहिलंत. तेच तिला लिहा. ते घर तिने पाहिलेलं आहे, त्या गच्चीवर तुम्ही दोघी पापड राखायला बसला असाल. पुढे काही समजावून सांगावं लागणार नाही. ‘तू तिथेच आहेस’ याचं उत्तर त्यात आलेलं असेल, आणि तिला खोडून काढलं असंही होणार नाही.

फक्त जागा नीट निवडा. आधी तिच्या मेसेजमधल्या एखाद्या नेमक्या गोष्टीला उत्तर, मग तुमची ती एक ओळ, आणि ओळ संपली की पुन्हा तिच्याकडे. ‘पण’ने सुरू होणारं वाक्य त्यात नको. ‘तुला वाईट वाटतं ते कळतं, पण माझं बघ ना’ असं झालं की दोघींच्या दुःखांचं माप काढणं सुरू होतं. तुमचं उरलेलं सगळं, आखाजीचं, आईवडिलांचं, ती विचारेल तेव्हा सांगा. ती विचारेलच. आणि तिने ‘तुझं बरंय’ म्हटलं त्याचा हिशेब मांडू नका. तिला तुमचं माहेर विसरायला झालं नसेल. त्या रात्री तिला अमळनेर तेवढं दिसत होतं.

मी साधारण असं लिहिलं असतं:

‘मोबाईल पालथा घालतेस ते वाचलं आणि तू डोळ्यांसमोर आलीस. भरिताचे फोटो टाकणाऱ्यांत मीही होते. आता मी तुला फोटो नाही पाठवणार, तू मागशील तेव्हा पाठवीन. तुला एक सांगायचं होतं, कुणाला बोलले नाही. शाळेत जाताना आमच्या घरावरून जाते ना, तिथे गच्चीवर दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. मी रोज वर बघते. असो. मला एक बघून सांग, काकूंना केलेले फोन कधीपासून कमी झालेत? ऑक्टोबरच्या शेवटापासून का? तुमच्याकडे घड्याळ बदलतं, तेव्हा तू सहाला फोन करतेस तर इथे साडेदहा होतात. काकू झोपलेल्या असतात गं. सकाळी सातला करून बघ एकदा, मी त्यांना सांगून ठेवते. आणि मला तू कधीही कर, मी साडेदहाला वह्या तपासत असते.’

एवढंच. त्यात ‘धीर धर’ नाही, ‘सवय होईल’ नाही, ‘कधी येतेस’ तर मुळीच नाही. तो शेवटचा प्रश्न आपण प्रेमाने विचारतो, पण तिकिटाचे भाव, रजा, नवऱ्याची रजा, पोरांच्या सुट्ट्या हे सगळं त्याच्या पोटात असतं आणि उत्तर नेहमी ‘बघू’ असतं.

हे सगळं अहिराणीत लिहा. मी जळगाव-यावलकडची, माझी बोली लेवा, म्हणून वरचा नमुना साध्या मराठीत दिला. अहिराणी मला ऐकून कळते, लिहायला गेले तर तुम्ही हसाल. पण तुम्ही दोघी शाळेत अहिराणीतच भांडल्या असणार. तिथे कामावर ती जर्मन आणि इंग्रजी बोलते. मराठी मंडळात गेली तरी तिथे पुण्या-मुंबईकडची मराठी चालते आणि आपली माणसं तिच्यात मिसळून जाताना गावाकडची बोली बाहेर काढत नाहीत. घरातही मुलांसमोर शुद्धच बोलायचं असं ठरवलेलं असतं. म्हणजे आठवडेच्या आठवडे तिच्या कानावर ‘कशी शे तू?’ पडत नाही. तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर लिहिण्यापेक्षा बरं, दोन-तीन मिनिटांचा. त्यात बातम्या अगदी साध्या असू द्या: कुठलं दुकान बंद झालं, बोरी नदीला या वर्षी पाणी किती आलं, वर्गातलं कोण सासू झाली. तिच्या मनातलं अमळनेर चार वर्षांपूर्वीचं आहे. ते थोडं थोडं पुढे सरकत राहिलं, तर सुट्टीत आल्यावर ‘हे माझं गाव राहिलं नाही’ हा दुसरा धक्का कमी बसतो. पहिल्या धक्क्याची सगळ्यांना कल्पना असते, या दुसऱ्याची नसते. बरेच जण भारतातून परत गेल्यावर महिनाभर जास्त खचलेले असतात ते याच्यामुळेही.

भरिताच्या फोटोंनीच तिला का त्रास व्हावा, याला ऋतूचंही कारण आहे. डिसेंबरच्या अखेरीला हॅम्बर्गला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. दिवस जेमतेम साडेसात तासांचा, आपला त्या दिवसांत पावणेअकरा तासांच्या पुढे असतो. ती अंधारात घरातून निघते आणि अंधारात परत येते. नेमक्या त्याच महिन्यांत इकडे शेतात कापसाच्या काड्या पेटवून बामणोदची हिरवी वांगी भाजली जातात, कुणीतरी बडगीत मिरची-लसूण ठेचत असतं, हाताला चटके बसत असताना सालं सोलली जातात, आणि त्या सगळ्यावर डिसेंबरचं कोवळं ऊन असतं. फोटोत तिला वांग्याइतकंच ते ऊनही दिसतं. म्हणून तिला सांगा की दुपारच्या सुट्टीत निदान वीस मिनिटं उजेडात चालून यायचं, आभाळ भरलेलं असलं तरी. खिडकीशी बसण्यापेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी जास्त असतो. हे औषध नव्हे, पण उजेड कमी झाला की काही माणसांचं मन खरोखर खाली जातं, आणि तिथल्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे.

काही पाठवायचं मनात असेल तर उन्हाळ्यातले उरलेले बिबडे पाठवा आणि कळण्याचं पीठ. तूप, खवा, पेढे टाकू नका. युरोपात बाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलमध्ये दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, सापडले तर ते काढून नष्ट करतात. फॉर्मवर आत काय आहे ते खरं लिहायचं आणि भेट असल्याचं नमूद करायचं. घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेल्या ४५ युरोंपर्यंतच्या भेटीवर तिथे जकात लागत नाही. (जाता जाता: जी मोजकी फळं युरोपात नेताना प्रमाणपत्र लागत नाही, त्यांत केळी आहेत. रावेरकरांनी खूश व्हायला हरकत नाही, पण पार्सलमधली केळी हॅम्बर्गला काय अवस्थेत पोहोचतील ते सांगायला नको.) पीठ पाठवणं महागात जात असेल तर तिथल्या भारतीय दुकानातून तिने ज्वारीचं पीठ आणि उडदाचं पीठ घ्यावं, चार वाट्यांना एक वाटी, मीठ घालून. रंग आपल्यासारखा काळपट येणार नाही, कारण आपण उडीद सालासकट दळतो, पण भाकरी कळण्याचीच लागते. एक अट मात्र घाला: पहिली भाकरी एकटीने खायची नाही. शेजारीण असो, कामावरची कुणी असो, कुणाला तरी बोलावायचं. नुसत्या आठवणीसाठी केलेलं जेवण एकटीने खाल्लं की बहुधा रडू येतं. कुणी ‘हे काय आहे’ विचारलं की ती सांगत बसेल, आणि सांगताना ती चार वर्षांत पहिल्यांदा तिथल्या स्वयंपाकघराची मालकीण होईल.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. घराची ओढ लाटेसारखी येते. फोटो, सण, रविवारची संध्याकाळ अशा कशानेतरी उसळते आणि ओसरते, मधल्या वेळात माणूस हसतं, जेवतं, काम करतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदासच असेल, झोप पहाटे तीनला मोडत असेल, जेवणाची चव गेली असेल, कामावर दांड्या होत असतील, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ते नुसतं माहेर आठवणं नाही. मग तिला सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिथे प्रत्येकाचा ठरलेला घरगुती डॉक्टर असतो, हाऊसआर्ट म्हणतात, पहिल्यांदा त्याच्याकडेच जायचं. रात्री-अपरात्री बोलायला टेलिफोनझेलझॉर्ग ही सेवा आहे, ०८०० १११ ० १११, फुकट आणि चोवीस तास. जिवाला धोका वाटला तर ११२. ‘घशाशी अडकल्यासारखं’ तिने लिहिलंय, फोटोंच्या वेळी तेवढंच होतं की दिवसभर, हे तुम्ही पुढच्या बोलण्यात विचारून घ्या.

आता तुमचं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. मेलबर्नला घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एक तास पुढे जातं. आईवडील साडेचार तास पुढे होते, ते साडेपाच तास झाले. म्हणजे ऑक्टोबरात तुमची आई तुमच्यापासून एक तास लांब गेली आणि तुमची मैत्रीण तिच्या आईपासून एक तास. तुम्ही शाळेतून येऊन संध्याकाळी सातला फोन करत असाल तर तिथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. दुपारी तीनला केलात तर तिथे साडेआठ. मधली सुट्टी किंवा ऑफ तास बघून एक वार नेमून घ्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ पुन्हा मागे येईल आणि त्याच्या एक आठवडा आधी, मार्चच्या शेवटच्या रविवारी, हॅम्बर्गचं पुढे जाईल. दोन्ही तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे तेव्हा वेळा पुन्हा जुळवता येतील.

आखाजीचं मला सुचलं ते तुम्हालाही सुचलं असेल. काकूंची लेक हॅम्बर्गला, तुमची आई मेलबर्नला, आणि तुम्ही दोघी एका गावात. मुऱ्हाळी यायची वाट न बघता तुम्ही त्यांच्याकडे आमरस-पुरणपोळीला जाऊ शकता. पण हे आत्ता तिला लिहू नका. डिसेंबरच्या अंधारात तिला ते ‘माझी जागा घेतली’ असं ऐकू येईल. चैत्र लागू द्या, तिचे मंगळवारचे फोन नीट बसू द्या, आणि मग काकूंना विचारायच्या आधी तिला विचारा.